पीबी म्हणजे उलटा गेन, एवढंच नाही

«प्रपोर्शनल बँड ही न्यूमॅटिक काळातली उलटी भाषा आहे. पीबी आणि गेन एकच, १०० ला पीबीने भागलं की झालं. नव्या पीएलसीत गेन टाका आणि ऑपरेटरांना टक्के विसरायला लावा.»

प्रपोर्शनल बँड किंवा पीबी सांगतो, इनपुट स्पॅनच्या किती टक्के हललं की आउटपुट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातं. गेन सांगतो, इनपुटच्या एका एककाला आउटपुट किती हलतं. या दाव्यातलं भागाकाराचं वाक्य सगळ्यात जास्त फिरतं आणि नुकसानही तेच करतं. ते खरं आहे, पण एका अटीवर: इनपुट आणि आउटपुट दोन्ही आपापल्या स्पॅनच्या टक्क्यांत मोजलेले हवेत. पीएलसीतला ब्लॉक लेव्हल मिलिमीटरमध्ये किंवा तापमान अंशांत घेत असेल, तर गेनला एकक चिकटतं आणि सूत्र बदलतं. त्यात Kp म्हणजे गेन, OUT म्हणजे आउटपुट आणि PV म्हणजे मोजलेली व्हॅल्यू:

```
Kp = (100 / PB) × (OUT span / PV span)
```

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्यात सापडेल असा लूप घेऊ, बगॅस बॉयलरच्या ड्रम लेव्हलचा. हिशोब सोपा राहावा म्हणून सिंगल एलिमेंट धरू, म्हणजे फक्त लेव्हल बघून फीड व्हॉल्व्ह चालतो. ट्रान्समीटर उणे ३०० ते अधिक ३०० मिमी, म्हणजे स्पॅन ६०० मिमी. जुन्या कंट्रोलरच्या डायलवर पीबी ५० टक्के. लेव्हल ३०० मिमी सरकली की व्हॉल्व्ह एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो, हा त्याचा अर्थ. टक्क्यांच्या हिशोबात गेन २ येतो. मिलिमीटरच्या हिशोबात १०० भागिले ३००, म्हणजे दर मिलिमीटरला ०.३३ टक्के.

आता कुणी «१०० भागिले ५० बरोबर २» म्हणत मिलिमीटर घेणाऱ्या ब्लॉकमध्ये २ टाकतो. व्हॉल्व्ह दर मिलिमीटरला २ टक्के हलू लागतो आणि ३०० मिमीचा बँड ५० मिमीवर येतो. गेन सहापट झाला, आणि स्क्रीनवरचा आकडा निरुपद्रवीच दिसतो.

परिणाम मिल थांबून पुन्हा सुरू होते तेव्हा दिसतो. वाफेची ओढ अचानक वाढते, ड्रमचं प्रेशर पडतं, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी न वाढताच लेव्हल चढलेली दिसते. समजा ४० मिमी चढली. ५० टक्के बँडमध्ये व्हॉल्व्ह सुमारे १३ टक्के मिटेल आणि थोड्या वेळात सावरेल. ५० मिमीच्या बँडमध्ये सेटपॉइंटच्या वर २५ मिमीलाच व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो. वाफ सर्वात जास्त जात असताना फीड तुटतं, आणि बुडबुडे बसले की लेव्हल थेट लो अलार्मकडे घसरते. ट्रेंडवर हे ओळखता येतं: लेव्हलच्या गोलसर लाटा आणि आउटपुट शून्य ते शंभर असं आपटणारं. गेन पटीने कमी करताच आपटणं थांबलं, तर दोष व्हॉल्व्हचा किंवा ट्रान्समीटरचा नव्हता.

हीच चूक उलट दिशेनेही होते, आणि ती जास्त जहाल असते. पीबी मागणाऱ्या ठिकाणी कुणी गेन समजून २ टाकला, तर २ टक्के बँड म्हणजे गेन ५०, हव्या असलेल्याच्या पंचवीसपट.

टक्के ही न्यूमॅटिक काळाची राहिलेली सवय, असं मानणंही चूक आहे. कारण तेव्हा होतं आणि ते आजही तसंच आहे. एकच न्यूमॅटिक कंट्रोलर लेव्हलला, प्रेशरला किंवा तापमानाला लागायचा. तो बनवणाऱ्याला पुढे कोणता ट्रान्समीटर जोडला जाणार हे ठाऊक नसे. त्याला दिसायचा फक्त ३ ते १५ पीएसआयचा सिग्नल. म्हणून फ्लॅपर आणि फीडबॅक बेलोजमधली लिव्हर सरकवणाऱ्या डायलवर एकच अर्थपूर्ण आकडा छापता येत होता: इनपुट किती टक्के हललं की आउटपुट ३ वरून १५ ला जातं. टेलर इन्स्ट्रुमेंट्सच्या झीग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ च्या ट्यूनिंगच्या लेखात गेनच वापरला होता, पण तो पेनच्या दर इंच सरकण्याला किती पीएसआय या मापात. चार्टची रेंज बदलली की त्या आकड्याचा प्रक्रियेतला अर्थही बदलणारच. आज ४ ते २० मिलिअँपिअरच्या कार्डालाही पलीकडे मिलिमीटर आहेत की अंश हे कळत नाही. योकोगावाच्या सेंटम डीसीएसमध्ये पी हा आकडा आजही टक्क्यांतला प्रपोर्शनल बँडच आहे.

आता ऑपरेटर. पॅनेलवरचा माणूस «बँड पन्नास» म्हणतो तेव्हा तो स्केलवरची एक पट्टी पाहत असतो. नुसता प्रपोर्शनल असेल आणि बायस, म्हणजे लेव्हल सेटपॉइंटवर असतानाचं आउटपुट, ५० टक्के असेल, तर आपल्या उदाहरणात उणे १५० मिमीला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, अधिक १५० मिमीला पूर्ण बंद. लो ट्रिप उणे २०० मिमीला असेल, तर ट्रिपच्या ५० मिमी आधीच कंट्रोलरने हातातलं सगळं वापरलेलं असेल. पुढची घसरण थांबवायला दुसरा फीड पंप लागेल. ही गोष्ट त्याला मनातल्या मनात कळते. गेन ०.३३ वरून ती काढायला भागाकार लागतो, आणि रात्रपाळीत गेज ग्लासवर नजर असताना तो कुणी करत नाही.

या चित्राला एक मर्यादा आहे. रीसेट, म्हणजे इंटिग्रल, चालू असेल तर पट्टी सेटपॉइंटभोवती खिळलेली नसते, रीसेट तिला सरकवत नेतो. लेव्हल बराच काळ खाली राहिली की पट्टी वर चढते, आणि व्हॉल्व्ह मिटायला लागतो तो सेटपॉइंट गाठल्यानंतर. बॉयलर पेटवल्यानंतर लेव्हल वर फेकली जाते त्यामागे अनेकदा हेच असतं.

दाव्यातली एक तक्रार मात्र रास्त आहे: पीबी वाढवला की कंट्रोल मऊ होतो, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. शिवाय २० वरून १० म्हणजे गेन दुप्पट, पण २०० वरून १९० म्हणजे जवळपास काहीच नाही. म्हणून पीबी बेरीज-वजाबाकीने हलवू नये, पटीत हलवावा.

कंट्रोलर बदलताना शंका असेल तर मोजून घ्यावं, शक्यतो हंगामाआधी, बॉयलर थंड असताना. इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह बंद करा. ट्रान्समीटरच्या जागी मिलिअँपिअर सोर्स लावून १२ मिलिअँपिअर द्या आणि सेटपॉइंट मध्यावर ठेवा. मग १२.८ करा, म्हणजे ५ टक्के वाढ. पीबी ५० असेल तर आउटपुट १० टक्के, म्हणजे १.६ मिलिअँपिअर हललं पाहिजे, आणि या लूपमध्ये खाली. फक्त सेटपॉइंट बदलून ही चाचणी करू नका. काही ब्लॉकमध्ये प्रपोर्शनल फक्त मोजलेल्या व्हॅल्यूवर चालतो, तिथे आउटपुट जागचं हलत नाही आणि उगाच बिघाडाची शंका येते.

एका बाबतीत मिलिमीटरमधला गेन खरोखर सरस ठरतो. कुणी ट्रान्समीटरची रेंज उणे १५० ते अधिक १५० केली, तर पीबी ५० टक्के लिहिलेलाच राहतो, पण बँड ३०० ऐवजी १५० मिमी होतो आणि लूप दुप्पट तापट होतो. मिलिमीटरमधला गेन स्केलिंग नीट बदललं असेल तर तसाच राहतो. म्हणून पॅनेलच्या आतल्या चिठ्ठीवर नुसतं «पीबी ५०» न लिहिता «पीबी ५० टक्के, रेंज उणे ३०० ते अधिक ३०० मिमी, बँड ३०० मिमी» असं लिहावं आणि खाली तारीख टाकावी.