व्हिडिओ चढला म्हणजे कॅप्शन आली असं नाही

नाशिकच्या सातपूरला आमचा सीएनसी-व्हीएमसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनचा क्लास आहे. शिकायला येणाऱ्यांत निम्मी मुलं यूपी-बिहारकडची, म्हणून आमचे व्हिडिओ हिंदीत असतात. दर रविवारी संध्याकाळी एक व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो, सोमवारी पहिल्या शिफ्टला जाण्याआधी मुलं तो बघतात.

मागच्या महिन्यात रविवारी रात्री एका विद्यार्थ्याचा मेसेज आला. "सर, आज खाली अक्षरं येत नाहीत. मी सकाळी अंबडला नवीन मशीनवर जाणार आहे." या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. हात अतिशय चांगला आहे त्याचा, ड्रॉइंग आमच्यापेक्षा लवकर वाचतो. पण आमचा व्हिडिओ त्याच्यासाठी खालच्या अक्षरांनी सुरू होतो. अक्षरं नसतील तर तो फक्त माझे हलणारे ओठ आणि फिरणारा स्पिंडल बघत बसणार.

मी व्हिडिओ उघडला. एचडी झालेला, थंबनेल लागलेलं, अडीचशे लोकांनी बघितलेला. अक्षरं चालू करायचं CC चं बटण मात्र नाहीच. तेव्हापासून मी एका गोष्टीबद्दल आग्रही झालो आहे आणि व्हिडिओ टाकणाऱ्या प्रत्येकाला ती सांगतो: कॅप्शन येईपर्यंत आणि ती आपण स्वतः वाचेपर्यंत व्हिडिओ सार्वजनिक करू नका.

आपला समज असा असतो की अपलोडची पट्टी शंभरावर गेली की काम झालं. प्रत्यक्षात तिथून पुढे बरीच कामं वेगवेगळी चालतात. आधी व्हिडिओची कमी दर्जाची प्रत तयार होते, मग एचडी. कॉपीराइटची तपासणी वेगळी. आणि आवाज ऐकून त्याची अक्षरं करण्याचं काम आणखी वेगळं. ते कधी संपेल याचा ठरलेला वेळ नसतो. यूट्यूब स्वतःच सांगतं की अपलोड होताक्षणी कॅप्शन मिळेलच असं नाही, आवाज जितका गुंतागुंतीचा तितका वेळ जास्त. म्हणजे 'Checks complete' दिसलं याचा कॅप्शनशी काही संबंध नाही. एचडी झालं याचाही नाही. मी दोन्ही खुणा बघून निर्धास्त झालो होतो, तिथेच माझं चुकलं.

मग बघायचं कुठे? कॉम्प्युटरवर YouTube Studio उघडा. डाव्या बाजूच्या मेनूत Subtitles असं असतं, काहींना त्याच जागी Languages दिसेल. तिथे आपल्या व्हिडिओवर क्लिक केलं की भाषांच्या ओळी येतात. कॅप्शन तयार झालेली असेल तर हिंदीच्या ओळीत Published आणि त्याच्यासोबत Automatic असं लिहिलेलं असतं. Automatic हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यावरून कळतं की ही अक्षरं यंत्राने ऐकून लिहिली आहेत, आपण चढवलेली नाहीत. फक्त भाषेचं नाव दिसतंय आणि पुढे Published नाही, तर कॅप्शन आली असं समजू नका. भाषेची ओळ नुसती आपण व्हिडिओची भाषा निवडली म्हणूनही तिथे येते.

एवढ्यावर न थांबता मी दुसऱ्या फोनवरून, चॅनलच्या खात्यात लॉगिन न करता तीच लिंक उघडतो. सेटिंगच्या चाकात Subtitles वर गेलं की 'Hindi (auto-generated)' दिसायला हवं. बघणाऱ्याच्या हातात जे आहे तेच आपण बघायचं. यासाठी व्हिडिओ Unlisted ठेवावा लागतो, Private ठेवला तर दुसऱ्या फोनवर लिंक उघडणार नाही. Unlisted किंवा Private असला तरी कॅप्शन तयार होण्याचं काम चालूच राहतं, त्यासाठी सार्वजनिक करायची गरज नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि म्हणूनच "आधी टाकू, मग येईल" असं होतं.

ज्यांच्याकडे पन्नास-साठ व्हिडिओ आहेत त्यांना एकेक ओळ बघत बसायला नको. माझा भाचा चॅनलच्या खात्याची परवानगी घेऊन यूट्यूबच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्राममधून माहिती मागवायच्या सोयीला, विचारतो:

```
GET https://www.googleapis.com/youtube/v3/captions?part=snippet&videoId=VIDEO_ID
```

उत्तरात `trackKind` समोर `ASR` आलं तर ती यंत्राची कॅप्शन. `status` समोर `serving` असेल तर ती लोकांना मिळते आहे, `syncing` असेल तर अजून काम चालू आहे, `failed` असेल तर काम फसलं. यादी रिकामी आली तर अजून काही तयारच नाही. नव्या व्हिडिओसाठी त्याने ही तपासणी दर अर्ध्या तासाला लावून ठेवली आहे.

आता त्या रविवारी काय झालं होतं ते सांगतो. विषय होता वर्क ऑफसेट, म्हणजे जॉब मशीनवर नेमका कुठे आहे ते मशीनला आकड्यांत सांगणं. मी सुरुवातीला जॉब व्हाइसमध्ये पकडताना, पॅरलल ठोकताना, डायल फिरवताना दाखवलं होतं. जवळजवळ दीड मिनिट मी एक शब्द बोललो नव्हतो, फक्त हातोडीचा आणि कूलंट पंपाचा आवाज. त्यानंतर बोलायला लागलो तेव्हा शेजारचं मशीन कापत होतं. आणि मधे एका मुलाने प्रश्न विचारला तेव्हा आम्ही दोघं एकदमच बोललो.

कॅप्शन का येत नाही याची जी कारणं यूट्यूब देतं त्यातली ही तीन: सुरुवातीला लांबलचक शांतता, आवाजाचा दर्जा खराब, एकावर एक बोलणारी माणसं. बाकीची म्हणजे व्हिडिओ फार मोठा असणं, एकाच वेळी अनेक भाषा येणं आणि ती भाषा यादीत नसणं. यंत्राच्या कॅप्शनची ही सोय नोव्हेंबर 2009 मध्ये फक्त इंग्रजीसाठी सुरू झाली, हिंदी पुष्कळ उशिरा आली. भाषांची यादी बदलत असते, म्हणून आपली भाषा त्यात आहे का हे यूट्यूबच्या मदत पानावर आधी बघावं आणि मगच वाट बघत बसावं. यादीत नसलेल्या भाषेची कॅप्शन चार दिवस थांबूनही येणार नाही, ती स्वतः लिहूनच चढवावी लागेल.

त्या रात्री मी साडेअकरापर्यंत ओळ बघत होतो. आली नाही. शेवटी विद्यार्थ्याला सगळ्या पायऱ्या हाताने लिहून, कागदाचे फोटो काढून पाठवले. तीन पानं झाली. सकाळी सातला त्याचा अंगठा आला, पण मला ते लागलं. बाकीच्यांना जे रविवारी सात वाजता मिळालं ते याला रात्री बारा वाजता, माझ्या वाईट अक्षरात मिळालं.

दुसऱ्या दिवशी तोच धडा परत चित्रित केला. कॉलरला लावायचा माइक घेतला. शेजारचं मशीन थांबवलं. पहिल्या पाच सेकंदांत बोलायला सुरुवात केली आणि जॉब पकडतानाही बोलत राहिलो, "ये पैरलल नीचे रखा, अब हल्के से ठोको". प्रश्न विचारणाऱ्याला हात वर करायला सांगितला आणि त्याचं संपल्यावर मी बोललो. अपलोड करताना तपशिलाच्या पानावर खाली Show more उघडून Video language मध्ये Hindi निवडलं. अकरा मिनिटांचा व्हिडिओ दुपारी सव्वाबाराला चढला, एचडी पाऊण वाजता झालं, आणि Published Automatic ही ओळ दोनच्या सुमारास आली. ही माझ्या एका व्हिडिओची वेळ आहे, तुमची वेगळी असेल. पण एचडी आणि कॅप्शन यांच्यात सव्वा तासाचं अंतर होतं हे लक्षात घ्या. त्या सव्वा तासात व्हिडिओ सार्वजनिक असता तर पहिले बघणारे सगळे ऐकू येणारेच असते.

ओळ आल्यावर मी वाचायला बसलो, आणि इथे मला खरी भीती वाटली. "ऑफसेट" च्या जागी चार ठिकाणी "आप सेट" आलं होतं. ते समजून घेता येतं. पण सातव्या मिनिटाला मी म्हणालो होतो, "जी चौपन में ज़ेड की वैल्यू माइनस तीन सौ पचासी पॉइंट चार सौ बीस". खाली आलं होतं "वैल्यू 385.420". माइनस गायब. मी तो शब्द घाईत, ज़ेडला चिकटवून बोललो होतो. व्हीएमसीवर काम केलेल्यांना सांगायला नको. G54 या वर्क ऑफसेटच्या Z मध्ये, म्हणजे उंचीच्या आकड्यात, चिन्ह चुकलं तर नशीब असेल तर ओव्हरट्रॅव्हलचा अलार्म येऊन मशीन उभं राहील. आणि आकडा वेगळा असेल तर टूल भलत्याच जागी जाईल. ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर माइनस पडतो. वाचणाऱ्या मुलाकडे तेवढीच एक ओळ असते, आणि तो तिच्यावर विश्वास ठेवून आकडा टाकणार.

म्हणून कॅप्शन आली की नाही एवढंच तपासून भागत नाही. त्याच ओळीसमोर Duplicate and edit असतं. ते दाबलं की यंत्राच्या अक्षरांची प्रत आपल्या हातात येते, वेळा तशाच राहतात, आपण फक्त शब्द दुरुस्त करायचे आणि Publish करायचं. मग बघणाऱ्याला यादीत साधं Hindi दिसतं. मला अकरा मिनिटांच्या व्हिडिओला चाळीस मिनिटं लागली. मी सगळं वाचत नाही म्हणणाऱ्यांनी निदान आकडे, चिन्हं, औषधाचं किंवा फवारणीचं प्रमाण आणि "नाही" हा शब्द जिथे जिथे आहे तिथे वाचावं. नाशिकमध्ये द्राक्षाच्या फवारणीवर व्हिडिओ करणारे माझे दोन मित्र आहेत, त्यांनाही मी हेच सांगितलं. लिटरला किती मिली, हा आकडा खाली काय उमटलाय ते बघून घ्या.

एका मित्राचं म्हणणं असं की ताज्या व्हिडिओला पहिल्या तासात जे बघणारे मिळतात ते घालवायचे नाहीत. मला हे पटत नाही. रविवारी सातला व्हिडिओ हवा असेल तर तो शनिवारी चढवा, Private ठेवून Schedule मध्ये रविवारचे सात टाका. बघणारे तेवढेच मिळतील. फक्त मधल्या वेळात ओळ आली नाही तर वेळापत्रक हाताने पुढे ढकलावं लागतं, कारण ठरलेली वेळ झाली की कॅप्शन असो-नसो व्हिडिओ जाहीर होतो.

या रविवारचा धडा टूल लेंग्थ ऑफसेटचा आहे. काल दुपारी चढवला, ओळ संध्याकाळी आली, आणि तिसऱ्या मिनिटाला "एच झीरो वन" या टूलच्या लांबीच्या नंबराच्या जागी "एक जीरो वन" उमटलंय. दुरुस्त करून त्या मुलालाच आधी लिंक पाठवली आहे. त्याने वाचून हो म्हटलं की जाहीर करतो.