अपेंडिक्स बाळंतपणापर्यंत थांबत नाही

"गरोदरपणात पोट दुखणारच, घाबरू नका. उजवीकडे दुखलं तर गॅस समजा, एरंडेल घ्या. ताप नाही आणि सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे अपेंडिक्स नाही. असलं तरी ऑपरेशन बाळंतपणानंतरच करा, भुलीनं बाळ जातं. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर हे फिरतंय. म्हणून चोपडा तालुक्यातली एक बाई डोळ्यांसमोर आणा. सव्वीस आठवडे झालेत, माहेरी आलीय. दुपारी वरण-बट्टी जेवली आणि संध्याकाळी म्हणते, "माय, पोट दुखी ऱ्हायनं." आधी बेंबीभोवती दुखतं, रात्री उलटी होते, पहाटेपर्यंत दुखणं उजवीकडे खाली एका जागी बसतं. वरण-बट्टी जड झाली, असंच घरात सगळ्यांना वाटणार.

गॅसचं दुखणं जागा बदलतं, वारा सरला की हलकं होतं. हिचं एका जागी ठरलंय आणि तास जातील तसं वाढतंय. आधी दुखलं, मग उलटी झाली, हा क्रमही लक्षात ठेवा. गरोदरपणातल्या उलट्या पहिल्या तीन-चार महिन्यांच्या. त्या थांबून सहाव्या महिन्यात दुखण्यासोबत नव्यानं सुरू झाल्या, तर त्यांचं कारण शोधावंच लागतं. अशा वेळी एरंडेल तर अजिबात नको. जुलाबानं आतडं जोरात चालतं, सुजलेलं अपेंडिक्स फुटायचा धोका वाढतो, शिवाय एरंडेलानं गर्भाशयातही कळा सुरू होऊ शकतात.

तापाचं म्हणाल, तर अपेंडिक्सच्या सुरुवातीला अनेकांना ताप नसतोच. रक्ताचा रिपोर्टही इथे फसवतो. एरवी पांढऱ्या पेशी अकरा हजारांवर गेल्या की डॉक्टर सावध होतात, पण गरोदरपणात काही आजार नसतानाही त्या पंधरा-सोळा हजारांपर्यंत जातात. हिच्या चौदा हजार आल्या, तर त्यावरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. पोट दाबून पाहण्यातही तीच अडचण. वाढलेलं गर्भाशय पोटाची भिंत अपेंडिक्सपासून दूर लोटतं, त्यामुळे एरवी हाताला लागणारा ताठरपणा इथे लागत नाही. पोट मऊ आहे म्हणून निश्चिंत होऊ नये ते यासाठीच. म्हणून काही डॉक्टर तिला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा दाबून पाहतात. गर्भाशयाचं दुखणं त्याच्यासोबत डावीकडे सरकतं, अपेंडिक्सचं बहुधा आहे तिथेच राहतं. एवढ्यावर निदान ठरत नाही, पण दिशा मिळते.

आता सोनोग्राफी. बाळ छान आहे, ठोके चांगले आहेत, एवढं वाचून घरचे निर्धास्त होतात. पण रिपोर्टमध्ये अपेंडिक्सबद्दल काय लिहिलंय ते बघा. "अपेंडिक्स दिसलं नाही" असं असेल, तर त्याचा अर्थ अपेंडिक्स चांगलं आहे असा होत नाही. गरोदर पोटात ते बरेचदा दिसतच नाही. मग पुढची तपासणी एमआरआय, रंगाचं इंजेक्शन न देता. त्यात क्ष-किरण नसतात. एमआरआय जवळ नसेल आणि वेळ दवडणं धोक्याचं असेल, तर सीटी स्कॅनही करता येतो.

याच रिपोर्टमध्ये "उजवं मूत्रपिंड थोडं फुगलंय" असंही येतं आणि सगळे मुतखड्यामागे लागतात. गर्भाशय उजवीकडे कलतं, तिकडची मूत्रनलिका दबते, म्हणून एवढी फुगवट बहुतेक गरोदर बायकांत दिसते. अपेंडिक्स मूत्रनलिकेला चिकटून सुजलं तर लघवीत थोड्या पू-पेशीही येतात, आणि लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्यांवर मोलाचे दिवस जातात. खड्याची कळ पाठीकडून जांघेत उतरते, लाटेसारखी येते, बाई तळमळते. अपेंडिक्सवाली मात्र हलायलाही घाबरते, रिक्षा खड्ड्यातून गेली तरी कळवळते. पित्ताचे खडे किंवा अंडाशयाला बसलेला पीळ ही आणखी दोन कारणं. पीळ असेल तर तोही थांबत नाही.

राहिलं ऑपरेशन. बाळाला खरा धोका होतो तो अपेंडिक्स फुटण्यानं. न फुटलेल्या अपेंडिक्समध्ये बाळ दगावण्याचं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के, फुटून पू पसरला तर अनेक अभ्यासांत ते २० टक्क्यांच्या वर गेलेलं आहे. आज वापरतात त्या भुलीच्या औषधांनी बाळात व्यंग येतं, असं दिसलेलं नाही. ऑपरेशन कुठल्याही महिन्यात करता येतं, दुर्बिणीतूनही. टेबलावर बाईला थोडं डावीकडे कलतं ठेवतात, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. बाळाचे ठोके आधी आणि नंतर तपासतात. अपुऱ्या दिवसांत कळा सुरू होण्याचा धोका उरतो, म्हणून सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघंही असतील असं ठिकाण गाठावं. निघताना गरोदरपणाची फाईल सोबत घ्या, तिला खायला-प्यायला देऊ नका, आणि दुखणं कुठून सुरू होऊन कुठे गेलं ते डॉक्टरांना वेळेसकट सांगा.