भिवंडीतून पार्सल हलत का नाही

आज परत फोनवर तेच ऐकलं, "सर, २४ ते ४८ तास थांबा, पार्सल प्रवासात आहे." डोकंच फिरलं. कसला प्रवास? आठवडा उलटला तरी स्क्रीनवर फक्त भिवंडी हब! त्यात बाबांचं कानाचं यंत्र आहे, मुंबईहून दुरुस्त होऊन येतंय. इथे नाशिकला सिडकोत चार माणसं गप्पा मारत बसली की बाबा उठून आतल्या खोलीत जातात. बघवत नाही.

माझा आतेभाऊ काही वर्षं अशाच एका हबमध्ये सॉर्टिंगला होता. त्याने पहिलं हेच विचारलं, "भिवंडीला पोचल्यावर पुढे एकतरी स्कॅन पडलाय का?" नव्हता पडला. रोज रात्री तिथलाच स्कॅन पडत असता तर गाडीत जागा मिळत नाहीये असं समजायचं. निघून परत तिथेच आलं असतं तर चुकीच्या गोणीत गेलं होतं. पण पोचल्यावर काहीच नाही, म्हणजे पार्सल नजरेतून सुटलंय. दारात गोणीचा टॅग स्कॅन केला की आतल्या सगळ्या पार्सलांना "पोचलं" लागतं, गोणी उघडलेलीही नसते. नंतर एकेक पार्सल पट्ट्यावर जातं, बारकोड वाचला जातो आणि 422 ने सुरू होणाऱ्या पिनकोडचं पार्सल नाशिकच्या गोणीकडे वळतं. बारकोड वाचला नाही तर ते बाजूला पडतं. मग कुणीतरी उचलून नंबर हाताने टाकायचा. रात्रीच्या गाड्या वेळेत सोडायची घाई असते, त्यात तो ढीग मागे राहतो. त्यावर रोज नवीन माल पडतो आणि जुनं पार्सल तळाला जातं.

मी दुकानदाराकडून पॅकिंगचा फोटो मागवला. यंत्राचा खोका मुठीएवढा आणि लेबल चार बाय सहा इंचांचं! ते कडेवरून दुमडून चिकटवलंय. बारकोडच्या अर्ध्या रेघा वर, अर्ध्या बाजूला. आतेभाऊ म्हणाला, "हे कुठलंच मशीन वाचणार नाही."

हबमधली पोरं रात्रभर उभ्याने राबतात, त्यांच्यावर राग नाही. लेबल दुकानदाराने नीट लावायला हवं होतं, हेही मान्य. पण इतके दिवस स्कॅन नाही हे कंपनीच्या कॉम्प्युटरला दिसत नाही का? दिसतं! आतेभावाच्या हबमध्ये अशा थांबलेल्या पार्सलांची यादी रोज निघायची. मग ती घेऊन ढिगात शोधायला एक माणूस का नाही ठेवत? बाबांना त्या खोलीत एकटं बसलेलं बघितलं की फोनवरच्या त्या गोड आवाजाची चीड येते. त्या मुलीच्या हातात काही नाही, कळतं मला. तिच्यासमोरही तीच स्क्रीन असते.

आणि आपली तक्रार तिथे फारशी चालतही नाही, कारण कुरियरला पैसे देणारा पाठवणारा असतो. म्हणून आज दुकानदारालाच तक्रार टाकायला लावली. सोबत खोक्याचा फोटो, माप, आत काय आहे ते, आणि "बारकोड दुमडलेला आहे, हाताने शोधा" असं स्पष्ट लिहायला सांगितलं. नुसत्या नंबरवर ते ढिगात सापडणार नाही, डोळ्यांनीच ओळखावं लागेल. तुमचं कुणाचं असं थांबलं असेल तर कॉल सेंटरशी भांडू नका, पाठवणाऱ्याला धरा. आणि लहान वस्तू मागवताना आधीच सांगा, मोठ्या पाकिटात घाला आणि लेबल सपाट लावा.