टाइमटेबलवर लाल पेन

बारावीच्या परीक्षेला अठरा दिवस उरलेत आणि काल देवगड स्टँडवर एका अनोळखी माणसाने माझ्या टाइमटेबलवर लाल पेन चालवला, अजून डोक्यातून जात नाहीये.

झालं असं की साडेचारची गाडी आली नव्हती आणि मी नि नित्या नेहमीसारखे भांडत होतो. माझं म्हणणं, वेळ बांधलेली हवी, पाच ते सात रोटेशनल डायनॅमिक्स म्हणजे तेच. नित्या म्हणे, यादी कर, सुचेल ते घे, संपलं की खूण. त्याच्या चौदापैकी नऊ गोष्टींवर खुणा होत्या पण! (जर्नलला कव्हर घालणे, नवीन रिफील, असल्या.)

शेजारच्या बाकावरचे आजोबा रिटायर्ड कंट्रोलर निघाले. "दी हकडे," म्हणाले आणि माझा चार रंगांच्या स्केचपेनचा कागद ओढूनच घेतला.

"ह्यात गाडी टोकाक पोचली काय लगेच परत सुटता! टोकाक गाडी ईस मिनटा उभी रवता ती कित्याक? ड्रायव्हरान चाय पिवची म्हणान? अरे, लेट झालेला थय भरान काढतत!"

आता हे लागलं, कारण खरं होतं. सोमवारी पाहुणे आले, दोन तास गेले, ते मी मंगळवारात कोंबले, मंगळवारचं बुधवारात, आणि बुधवारी रात्री अभ्यास सोडून नवीन टाइमटेबल रंगवत बसलो. पण म्हणून लाल पेनाने रोज रात्रीचा एक तास खोडून "उभी" लिहायचं? विचारून तरी!

नित्या फिदीफिदी हसत होता, मग त्याची यादी गेली.

"ह्या काय? गणित? गाडयेर 'सिंधुदुर्ग जिल्हो' अशी पाटी लावतत काय रे झिला? खय उतराचा ता कळाक नको? आणि सगळे जवळचे फेरे मारलंस, लांब पल्ल्याची गाडी डेपोतच!"

नित्याने गपचूप 'गणित' खोडून 'इंटिग्रेशन, पार्ट्सची दहा गणितं' लिहिलं. वर आजोबांनी त्यापुढे 'स. ६.००' टाकलं, अवघड गाडी सकाळीच सोडायची म्हणे, बाकीच्या मागेपुढे झाल्या तरी चालतील. म्हणजे निम्मं माझं खरं, निम्मं त्याचं. मग लाल शाई फक्त माझ्याच कागदावर एवढी का?

एवढे कंट्रोलर ना, मग साडेचारची कुठाय विचारलं तर म्हणाले, "येतली." पाच चाळीसला आली. सत्तर मिनिटं! माझे पाच ते सात स्टँडवरच गेले, आणि नित्याच्या यादीत वेळच नव्हती त्यामुळे त्याचं काहीच चुकलं नाही, हा कुठला न्याय.

गाडीत चढल्यावर आठवलं, कागद आजोबांकडेच राहिला. खिडकीतून बघतो तर मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचं लिहिणं चालू होतं. कोकम, बांगडे, टॉर्चचे सेल.

बांगड्यांसमोर वेळ टाकलेली नव्हती.