वीजबिलाची ओळ उठून दिसावी म्हणून

प्रतिक्रिया: "तुमचा सल्ला धोक्याचा वाटतो. तक्त्यातल्या ओळी गाळणं म्हणजे आकडे लपवणंच. आमच्या संचालकांच्या बैठकीत दोन सीए असतात, बेरीज जुळली नाही की तिथेच अडवतात. त्यापेक्षा पूर्ण एक्सेल शीट स्लाइडवर टाकलेली काय वाईट?"

उत्तर: नमस्कार. बैठकीच्या स्लाइडवर पूर्ण तक्ता न टाकता थोड्याच ओळी ठेवा आणि महत्त्वाची ओळ उठून दिसू द्या, असं मी मूळ लेखात सुचवलं होतं. बेरजेचा मुद्दा तुमचा बरोबर आहे आणि तो त्या लेखात माझ्याकडून राहिला. ओळी गाळायच्या नाहीत, एकत्र करायच्या. तुमच्या सीएंनाही हे परकं वाटणार नाही. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ३ प्रमाणे नफा-तोटा पत्रकावर 'इतर खर्च' ही एकच ओळ असते, तपशील टिपांमध्ये जातो.

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीसाठी मी केलेली स्लाइड बघा. शीटमध्ये खर्चाच्या चाळीसेक ओळी होत्या. आकडे थोडे बदलून, लाख रुपयांत देतो. कंसात विक्रीशी टक्केवारी आहे.

| | गेल्या वर्षी | यंदा |
|---|---|---|
| विक्री | ४,२०० | ४,६२० |
| कच्चा माल | २,५२० (६०) | २,७७२ (६०) |
| पगार | ६३० (१५) | ६८० (१४.७) |
| वीज | २९४ (७) | ४१६ (९) |
| इतर खर्च | ४२० (१०) | ४७५ (१०.३) |
| करपूर्व नफा | ३३६ (८) | २७७ (६) |

बेरीज पै न् पै जुळते. खर्चांपैकी रुपयांत सर्वांत जास्त वाढला तो कच्चा माल, २५२ लाखांनी. पण विक्रीही वाढली, त्यामुळे त्याचं प्रमाण ६० टक्क्यांवरच राहिलं. विक्रीतला नफ्याचा वाटा ८ टक्क्यांवरून ६ वर घसरला आणि विजेचा वाटा तेवढाच चढला. म्हणून फिकट पिवळी पट्टी फक्त वीज आणि नफा या दोन ओळींना, बाकीचा मजकूर करडा. रुपयांतली मोठी वाढ बघून पट्टी कच्च्या मालाला दिली असती, तर बैठक भंगाराच्या भावावर भरकटली असती आणि भट्टीच्या वीजवापराचा विषय निघालाच नसता.

लपवाछपवीची तुमची शंका तपासायची जागा म्हणजे 'इतर खर्च'. त्या ओळीचं प्रमाण पट्टी दिलेल्या ओळीपेक्षा जास्त हललं असेल, तर निवड चुकली आहे किंवा कुणीतरी काहीतरी झाकतंय. इथे ते जेमतेम ०.३ ने हललं. तरीही आत एक खर्च खूप वाढून दुसरा तेवढाच घटलेला असू शकतो, म्हणून पट्टी ठरवण्याआधी सगळ्या ओळी मी स्वतः बघतो.

एक बारीक गोष्ट सीएंसमोर हमखास निघते. दशांश न दाखवण्याची मांडणी निवडली असेल, तर एक्सेल आकडा पूर्णांकात दाखवतं, पण बेरीज मूळ आकड्यांची करतं. त्यामुळे स्लाइडवर कधी एका लाखाचा फरक दिसतो. आकडा ओढूनताणून जुळवू नका, खाली 'पूर्णांकामुळे किरकोळ फरक' एवढं लिहा.

पूर्ण शीट मात्र बैठकीच्या दोन दिवस आधी संचालकांकडे गेलीच पाहिजे, आणि स्लाइडवर 'इतर खर्च' या ओळीसमोर त्या शीटमधला पान क्रमांक द्यावा. अंदाजपत्रक ओळ-ओळ मंजूर करायची बैठक असेल, तर तिथे स्लाइड नकोच. प्रत्येकाच्या हातात छापील शीट द्या.