10 नंतर 00 की 01? जेके फ्लिप-फ्लॉपच्या स्टेट टेबलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "मॅडम, तुमच्या टेबलमधली सहावी ओळ चुकली आहे. A=1, B=0, x=1 असताना A चा 0 होतो. म्हणजे A' झाला 1, J_B झाला 1, K_B आधीच 1, म्हणजे B टॉगल होऊन 1. पुढची स्टेट 01 हवी, तुम्ही 00 लिहिली आहे. शिवाय 11 ही स्टेट कधी येतच नाही तर दोन ओळी कशाला वाढवल्या? आमच्या क्लासमध्ये हे एक्सायटेशन टेबल वापरून निम्म्या वेळात करतात. कृपया दुरुस्ती करा."

तुम्ही ओळ क्रमांकासकट आणि स्वतःची आकडेमोड मांडून लिहिलंत, त्यामुळे पाय नेमका कुठे घसरला ते मला दिसलं. टेबल बरोबर आहे. पण ही चूक मी डिप्लोमाच्या वर्गात दरवर्षी वहीत पाहिली आहे आणि ती गणिताची नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मूळ लेख सगळ्यांसमोर नसेल, म्हणून सर्किट पुन्हा सांगते. A आणि B असे दोन जेके फ्लिप-फ्लॉप, दोघांना एकच क्लॉक. बाहेरून एक इनपुट x. दोन इनपुटांची तीन अँड गेट्स: पहिल्यात x आणि B, त्याचं आउटपुट A च्या J ला. दुसऱ्यात x आणि A', ते B च्या J ला. तिसऱ्यात x आणि A, ते बाहेर y म्हणून. दोन्ही K ना x थेट जोडलेला. आकृतीवरून तारा मागे मागे शोधत गेलं की एवढंच हाती लागतं:

```
J_A = x·B     K_A = x
J_B = x·A'    K_B = x
y   = x·A
```

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. "A चा 0 होतो. म्हणजे A' झाला 1." इथे तुम्ही A ची पुढची किंमत काढलीत आणि तीच लगेच B च्या J मध्ये घातलीत. वहीत डावीकडून उजवीकडे लिहिताना A ची पुढची स्टेट आधी लिहून होते, ती डोळ्यांसमोर असते, आणि हात आपोआप तीच उचलतो. सर्किटला मात्र डावं-उजवं नाही. क्लॉकची कड आली की दोन्ही फ्लिप-फ्लॉप एकाच क्षणी आपापल्या J आणि K वर जे आहे ते घेतात. त्या क्षणी A अजून 1 आहे, A' 0 आहे, म्हणून J_B = 0 आणि K_B = 1. म्हणजे B रीसेट. तो आधीच 0 होता, 0 च राहतो. पुढची स्टेट 00.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तुमचीच रीत उलट्या क्रमाने करून पाहा. आधी B ची पुढची किंमत काढा आणि ती A मध्ये घाला. 00 वर x=1 असताना J_B आणि K_B दोन्ही 1, B टॉगल होऊन 1 झाला. आता या नव्या B ने J_A = 1, K_A = 1, म्हणजे A पण टॉगल होऊन 1. पुढची स्टेट 11! तिथून पुढच्या क्लॉकला दोन्ही 0. म्हणजे हे सर्किट 00 आणि 11 यांच्यात हेलकावे खातं. तुमच्या क्रमाने मात्र ते एकदा 00 सोडलं की 01 आणि 10 यांच्यातच फिरत राहतं. एकाच सर्किटची दोन वेगळी वागणी, आणि फरक काय, तर आपण वहीत कुठलं अक्षर आधी लिहिलं! A आणि B ही नावं आपण दिलेली आहेत, तांब्याच्या तारेला ती माहीत नाहीत. नावांच्या क्रमावर उत्तर बदलत असेल, तर ती रीतच टाकून द्यायला हवी.

मी मुलांना एकच सवय लावायची. आधी J आणि K चे चारही रकाने वरपासून खालपर्यंत उभे भरायचे, फक्त A, B, x या तीन रकान्यांकडे बघून. ते पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या स्टेटच्या रकान्यात पेन टेकवायचं नाही. मग A ची पुढची किंमत काढताना फक्त A, J_A, K_A बघायचे, B साठी फक्त B, J_B, K_B. पूर्ण टेबल असं होतं:

```
A B x | JA KA JB KB | A+ B+ | y
0 0 0 |  0  0  0  0 |  0  0 | 0
0 0 1 |  0  1  1  1 |  0  1 | 0
0 1 0 |  0  0  0  0 |  0  1 | 0
0 1 1 |  1  1  1  1 |  1  0 | 0
1 0 0 |  0  0  0  0 |  1  0 | 0
1 0 1 |  0  1  0  1 |  0  0 | 1
1 1 0 |  0  0  0  0 |  1  1 | 0
1 1 1 |  1  1  0  1 |  0  0 | 1
```

पडताळा घ्यायचा असेल तर जेकेचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण Q+ = JQ' + K'Q घ्या आणि त्यात वरचे J, K घाला.

```
A+ = x·A'·B  + x'·A
B+ = x·A'·B' + x'·B
```

इथे उजव्या बाजूला सगळी जुनीच अक्षरं आहेत, नवी किंमत शिरायला जागाच नाही. दुसरं समीकरण काय म्हणतं बघा: x=1 असेल तर B पुढे 1 व्हायला A' आणि B' दोन्ही 1 हवेत, म्हणजे सर्किट 00 मध्येच हवं. 10 मधून 01 ला जाणारा बाण या समीकरणात कुठेच बसत नाही.

तुम्ही विचाराल, की A बदलल्यावर A' खरंच 1 होतो ना, मग तो B ला का दिसत नाही? रास्त शंका आहे. 74LS112 घ्या, क्लॉकच्या उतरत्या कडेला बदलणारा. कड आल्यापासून त्याचं आउटपुट बदलायला साधारण १५ नॅनोसेकंद लागतात. कड येऊन गेल्यावर J, K स्थिर ठेवण्याची त्याची गरज मात्र शून्य नॅनोसेकंदांची. म्हणजे नवा A' येऊन पोचतो तेव्हा B चं दार बंद झालेलं असतं. तो नवा A' पुढच्या क्लॉकला कामी येतो.

आणि तुमचा 10 ते 01 हा बाण प्रत्यक्षात दिसू शकतो, तेही सांगते. B चा क्लॉक A च्या क्लॉकपेक्षा बराच उशिरा पोचला तर तसं होईल. A बदलायचे १५, अँड गेटचे साधारण १०, आणि कडेच्या आधी J स्थिर हवा त्याचे २०, म्हणजे ४५ नॅनोसेकंदांच्या पुढे उशीर झाला तर B ला नवा A' दिसतो. नुसत्या तारेने एवढा उशीर होत नाही, हातभर तारेत दोन-तीन नॅनोसेकंद जातात. पण कुणी B च्या क्लॉकच्या वाटेत पाच-सहा गेट्स घातली असतील तर होईल, आणि उशीर त्याहून थोडा कमी असेल तर कधी 00, कधी 01 असंही होईल. तेव्हा बेंचवर 01, 10, 01, 10 असं दिसलं तर टेबल खोडू नका, दोन्ही क्लॉक पिनांवर ऑसिलोस्कोपचे दोन चॅनेल लावा. आपलं टेबल दोघांचा क्लॉक एकच आहे एवढ्याच अटीवर खरं आहे.

एक सावधगिरी इथेच. प्रयोगशाळेत जुना 7476 मिळाला तर तो मास्टर-स्लेव्ह जातीचा असतो. क्लॉक वर असताना J किंवा K वर क्षणभर जरी 1 येऊन गेला, तरी तो मास्टरमध्ये अडकू शकतो. स्टेट 00 आहे, क्लॉक वर आहे, x क्षणभर 1 होऊन परत 0 झाला, तर कड येईपर्यंत x 0 असूनही B 1 होतो. टेबलच्या पहिल्या ओळीशी हे जुळत नाही आणि मुलं तासभर गेट्स तपासत बसतात. x फक्त क्लॉक खाली असतानाच बदला.

एक्सायटेशन टेबलबद्दल. ते डिझाइनसाठी आहे: कुठून कुठे जायचं ते ठाऊक आहे, J आणि K काय द्यायचे ते शोधायचं. आपल्याकडे उलट आहे, J आणि K हातात आहेत. ते टेबल मागून वाचून उत्तर निघतं, पण त्यातल्या "काहीही चालेल" अशा अर्थाच्या X मुळे प्रत्येक वेळी कुठली ओळ लागू पडते ते शोधावं लागतं. जेकेचे चार नियम (00 जैसे थे, 01 रीसेट, 10 सेट, 11 टॉगल) त्याहून सरळ आहेत. वेळ वाचवायचाच असेल तर वेगळी गोष्ट बघा: x=0 असला की चारही J, K शून्य होतात, म्हणजे चार ओळी न मोजताच "जैसे थे" झाल्या.

आता 11. x=1 ठेवला तर 00, 01, 10, परत 00 असा फेरा चालतो, दर तिसऱ्या क्लॉकला y एक. हा x ने चालू-बंद होणारा तीनचा काउंटर आहे, आणि फेऱ्यात 11 येत नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ते आपल्याला टेबल पूर्ण भरल्यावर कळलं. प्रश्नात सर्किट दिलेलं असतं, त्याचा हेतू दिलेला नसतो. दोन फ्लिप-फ्लॉप म्हणजे चार स्टेट, एका इनपुटसह आठ ओळी, त्या लिहाव्याच लागतात. शिवाय वीज सुरू केली की फ्लिप-फ्लॉप कुठल्या स्टेटमध्ये उठतील ते ठरलेलं नसतं, 11 मध्येही उठू शकतात.

तसं झालं तर काय होतं ते त्याच दोन ओळींत आहे. x=1 आला की 11 मधून पुढच्या कडेला 00, म्हणजे सर्किट आपोआप फेऱ्यात येतं. पण येताना y एकदा 1 देऊन जातं, मोजणी झालेली नसताना. पुढे दुसरा काउंटर जोडला असेल तर तो एकाने पुढे जाईल. आणि x शून्यच राहिला तर सर्किट 11 मध्येच बसून राहतं, कितीही क्लॉक द्या. म्हणून स्टेट डायग्राममध्ये 11 चं वर्तुळ हवंच: त्याच्यावर 0/0 असा स्वतःकडे येणारा बाण, आणि 1/1 असा 00 कडे जाणारा बाण. बाकी तिघांवरही 0/0 चा फेरा, 00 ते 01 आणि 01 ते 10 वर 1/0, आणि 10 ते 00 वर 1/1. एकूण आठ बाण, टेबलच्या आठ ओळींइतकेच. बाण मोजून सात भरले तर कुठली तरी ओळ काढायची राहिली आहे.

हे बेंचवर पाहायचं असेल तर 74LS112 च्या दोन्ही प्रीसेट पिना क्षणभर जमिनीला लावून सोडा, सर्किट 11 मध्ये जाईल. x=0 ठेवून चार-पाच क्लॉक द्या, दोन्ही एलईडी लागलेलेच राहतील. मग क्लॉक न देता x=1 करा. y चा एलईडी लगेच लागेल, कारण y ला क्लॉक लागतच नाही. त्यानंतर एक क्लॉक द्या, तिन्ही दिवे विझतील.