चार वाजताची जास्वंद

नागपुरात पश्चिमेच्या बाल्कनीचा फ्लॅट दाखवताना बिल्डर सूर्यास्ताचं भारी कौतुक करतो. सूर्यास्ताच्या आधी चार-पाच तास सूर्य कुठे असतो, हे मात्र तो सांगत नाही. आमच्याकडे मे महिन्यात दीडच्या सुमारास ऊन रेलिंग ओलांडून आत येतं आणि घरजावयासारखं पाय पसरून बसतं. सोबतीला गरम वाराही असतोच. शिवाय शेजारच्यांच्या एसीचं बाहेरचं युनिट नेमकं आमच्या मोगऱ्याकडे तोंड करून बसवलेलं आहे.

पण ऊनवारा परवडला. खरा ताप होतो तो जास्वंदीवर दया येणाऱ्यांचा.

चारच्या सुमारास जास्वंद मान टाकते. पानं लोंबतात, कळ्या जमिनीकडे बघू लागतात. ते पाहून सासूबाई तांब्याभर पाणी ओततात. मुलगा शाळेच्या बाटलीतलं उरलेलं पाणी ओततो. समोरचे काका पेपर मागायला येतात आणि म्हणतात, "काहून जी, झाड मारता का आता?" बोलता बोलता आमच्याच बादलीतून मग भरून ओततात. माती बोटाला गच्च ओली लागते, तरी झाड मलूलच. म्हणून आणखी एक मग!

त्या वेळी जास्वंद तहानलेली नसतेच. गरम वारा पानांतून जेवढ्या वेगाने पाणी ओढतो, तेवढ्या वेगाने मुळं ते पुरवू शकत नाहीत, म्हणून पानं लोंबतात. ऊन उतरलं की आपली आपण सावरतात. खरी परीक्षा सकाळी सहाला. तेव्हाही पानं पडलेली असतील आणि बोट दोन पेरं मातीत घातल्यावर कोरडं बाहेर येत असेल, तर पाणी कमी पडतंय. माती ओली असूनही सकाळी मान खालीच असेल, तर मुळं कुजायला लागली असं समजावं. तिथे पाणी घालणं म्हणजे मारेकऱ्याला मदत.

म्हणून मी पाण्याऐवजी ऊनवाऱ्याच्या मागे लागलो. हिरवी जाळी आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "नव्वद टक्केवाली न्या, ऊन दिसणारच नाही." ऊनच दिसलं नाही तर जास्वंद फुलं कशाची देणार? पन्नास टक्क्यांची घेतली. ती कुठे बांधायची यावर घरात परिषद भरली. बहुमत 'वर, छतासारखी' असं होतं. पण वर आधीच चौथ्या मजल्याचा स्लॅब आहे, डोक्यावरचं ऊन तोच अडवतो. आपल्याला छळतं ते तिरपं ऊन, म्हणून जाळी रेलिंगच्या बाजूला उभीच हवी. ती चारी बाजूंनी ताणून बांधली की वाऱ्याने फुगते आणि कडा फाटतात. शिवाय आत गरम हवा कोंडते ती वेगळीच. म्हणून कडा दुमडून त्यातून तार ओवली आणि खाली-वर वीतभर जागा मोकळी सोडली.

जाळीनेही एक गोष्ट साधेना. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेची बाजू हात लावला तर चटका देत होती. म्हणजे आत मुळं शिजत होती. ती कुंडी उचलून मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवली, मधल्या फटीत वाळू भरली आणि ती वाळू ओली ठेवू लागलो. मातीवर अंथरायला कूलरच्या ताट्यांतला जुना भुसा काढला. त्यावर पांढरी पापडी होती, ती बोअरच्या पाण्यातल्या क्षारांची. न धुता वापरला तर ते क्षार मुळांशी उतरतात आणि पानांची टोकं करपतात. दोनदा धुतला, मग अंथरला. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही याच कारणाने झाडांना नको, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "वाया जाते न!" असं त्यांचं म्हणणं.

करपलेली पानं मी तशीच ठेवली आहेत. कुरूप दिसतात, पण आतल्या कोवळ्या पानांवर सावली त्यांचीच. खत पावसाळ्यापर्यंत बंद, कुंडी बदलणंही बंद. पाणी सकाळी उन्हाआधी आणि एकदाच, पण खालच्या भोकातून ठिबकेपर्यंत. ते ठिबकणं खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुरडयांवर जाऊ नये म्हणून खाली परात.

राहता राहिली दयाळू मंडळी. त्यांना नाही म्हणणं काही जमेना. मग जास्वंदीच्या मागे, तिच्या सावलीत, अळूची कुंडी ठेवली आणि जाहीर केलं की दुपारचं पाणी फक्त इथे. अळूला पाय ओले असलेले आवडतात, कितीही ओता. तांब्या, बाटली, मग, सगळं त्याने मुकाट्याने पचवलं आणि पानं सुपाएवढी झाली. परवा त्याच्या वड्या केल्या. काकांनी चौथी वडी उचलली, जास्वंदीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वड्या झकास झाल्या जी. पण त्या बिचारीला पाणी कोण घालते?"